आई-बाबांची आरोग्य पॉलिसी घेण्याआधी मी ती कशी वाचली

बाबा ६३ वर्षांचे, आई ५८ची. बाबांना सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे आणि गुडघ्यांची झीज क्ष-किरणात दिसलेली आहे. आईला थायरॉइड आणि एका डोळ्यात नुकतीच सुरुवात झालेला मोतीबिंदू. बाबांच्या नोकरीतला वैद्यकीय विमा निवृत्तीबरोबर संपला होता आणि दोघांच्या नावावर स्वतंत्र पॉलिसी कधीच नव्हती. मागच्या दिवाळीनंतर मी ठरवलं की आता ही गोष्ट मार्गी लावायची. आमच्या नाशिकच्या कॉलनीतच एक एजंट काका राहतात. त्यांनी दोन कंपन्यांची माहितीपत्रकं आणून दिली. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत ‘५ लाखांचे संरक्षण’. एकीचा वर्षाचा प्रीमियम दोघांचा मिळून ३८,००० रुपये, दुसरीचा ५२,०००. इथे पहिलीला ‘स्वस्त’ आणि दुसरीला ‘महाग’ म्हणते.

माहितीपत्रकावरून निर्णय घेता येत नाही, कारण त्यात कंपनीला जे सांगायचं असतं तेवढंच असतं. दावा आला की कंपनी माहितीपत्रक उघडत नाही, पॉलिसी वर्डिंग उघडते. म्हणजे करारनाम्याचा पूर्ण मसुदा. तो प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर डाउनलोडच्या पानावर असतो आणि पॉलिसी न घेताही कुणालाही वाचता येतो. दोन्हींचे मसुदे उतरवून घेतले. चाळीस-पन्नास पानं पाहून छाती दडपते, पण त्याबरोबर एक छोटा कागदही मिळतो: कस्टमर इन्फर्मेशन शीट. आयआरडीएआय या नियामक संस्थेने जानेवारी २०२४ पासून तो ठरावीक नमुन्यात देणं बंधनकारक केलं आहे. त्यात विम्याची रक्कम, काय मिळतं, काय मिळत नाही, प्रतीक्षा काळ किती, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर किती दिवस खर्च मिळत नाही, कुठे किती मर्यादा आहे, हे ओळीने दिलेलं असतं आणि शेजारी मूळ मसुद्यातला कलम क्रमांक असतो. मी आधी दोन्ही शीट्स शेजारी ठेवल्या आणि जिथे फरक दिसला तिथलंच कलम मसुद्यात उघडून शब्द न् शब्द वाचलं. त्यामुळे काम आटोक्यात आलं.

प्रीमियमचा आकडा मी मुद्दाम शेवटी पाहायचा ठरवला. तो आधी पाहिला की उरलेलं सगळं आपण त्या आकड्याच्या समर्थनार्थ वाचू लागतो.

सुरुवात केली विम्याच्या रकमेपासून. पाच लाख ही वरची कमाल मर्यादा. तिच्या पोटात किती लहान मर्यादा आहेत ते शोधायचं होतं. स्वस्त पॉलिसीत ‘रूम रेंट’ या शब्दापुढे लिहिलं होतं: विमा रकमेच्या १ टक्का प्रतिदिन, म्हणजे ५,००० रुपये. आयसीयूसाठी २ टक्के. महाग पॉलिसीत सिंगल प्रायव्हेट एसी रूम, रकमेची मर्यादा नाही. काका म्हणाले, “अहो ताई, खोलीचं भाडं थोडं जास्त झालं तर वरचे हजार-दोन हजार आपण भरायचे, त्यात काय?”

असं असतं तर प्रश्नच नव्हता. पण त्याच कलमाच्या खालच्या परिच्छेदात ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ होतं, म्हणजे प्रमाणशीर कपात. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर नुसतं भाडं कापलं जात नाही. खोलीच्या वर्गाप्रमाणे ज्यांचे दर बदलतात तो सगळा खर्च, म्हणजे सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या भेटी, त्याच प्रमाणात कापला जातो. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, नियामकाचाच तसा नियम आहे. ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत तिथेही ती लावता येत नाही.

हे कलम वाचून कळतं, पण पटतं ते बिल मांडल्यावर. घराजवळच्या एका रुग्णालयात फोन करून मी खोल्यांचे दर विचारले. सिंगल रूम ८,००० रुपये रोज, दोघांची खोली ४,५००. मग एक काल्पनिक प्रसंग धरला: बाबा पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पाच दिवस सिंगल रूममध्ये राहिले. अपघात मुद्दाम धरला, कारण त्याला प्रतीक्षा काळ लागत नाही आणि हिशोबात फक्त मर्यादांचा परिणाम दिसतो.

खोलीचं भाडं ४०,०००. सर्जन, भूल, थिएटर, भेटी मिळून १,६०,०००. इम्प्लांट ६०,०००. औषधं आणि तपासण्या ४०,०००. हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या वस्तूंचे १०,०००. एकूण बिल ३,१०,०००. पाच लाखांच्या आत आरामात बसणारं.

आता स्वस्त पॉलिसी. मर्यादा ५,०००, घेतलेली खोली ८,०००. प्रमाण साडेबासष्ट टक्के. खोलीचे मिळणार २५,०००. सर्जन-थिएटरच्या १,६०,००० पैकी १,००,०००. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांचे १,००,००० पूर्ण. वस्तूंचे शून्य. बेरीज २,२५,०००. पण थांबायचं नाही, कारण याच पॉलिसीत दुसऱ्या पानावर ‘को-पे २० टक्के’ होता, म्हणजे मान्य झालेल्या प्रत्येक दाव्यातला पाचवा हिस्सा आपण भरायचा. त्याचे ४५,००० गेले. कंपनी देणार १,८०,००० आणि आमच्या खिशातून १,३०,०००.

खोलीच्या भाड्यातला फरक पाच दिवसांचा फक्त १५,००० होता. काकांच्या म्हणण्यातले ‘हजार-दोन हजार’ थिएटरच्या आणि सर्जनच्या बिलात शिरून ७५,००० झाले. हाच प्रसंग महाग पॉलिसीत मांडला तर को-पे नाही, भाड्याची मर्यादा नाही, खिशातून फक्त वस्तूंचे १०,०००.

स्वस्त पॉलिसीवर अन्याय नको म्हणून हेही सांगते, की दोघांच्या खोलीत राहायची तयारी असेल तर प्रमाणशीर कपात लागतच नाही आणि बाकीचे दरही कमी लागतात. मग उरतो फक्त को-पे आणि किरकोळ वस्तू. लहान गावात, जिथे सिंगल रूमच तीन-साडेतीन हजारांना मिळते, तिथे १ टक्क्याची मर्यादा चालून जाते. आमचं तसं नव्हतं. शिवाय रात्री अकराला माणूस दाखल करताना जी खोली रिकामी असेल तीच मिळते. म्हणून स्वतःच्या जवळच्या दोन-तीन रुग्णालयांचे खोलीचे दर विचारल्याशिवाय ही ओळ वाचून उपयोग नाही. आणि विचारताना नर्सिंगचा आकार वेगळा आहे का तेही विचारावं. काही पॉलिसींत भाडं, जेवण आणि नर्सिंग मिळून एकच मर्यादा असते, मग ५,०००ची मर्यादा आणखी तोकडी पडते.

रकमेच्या पोटातली दुसरी मर्यादा आजारवार असते. स्वस्त पॉलिसीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ४०,००० आणि गुडघा बदलायला एका गुडघ्यामागे दीड लाख. महाग पॉलिसीत या दोन्हींना मर्यादा नव्हती, पण रोबोटिक शस्त्रक्रियेला विमा रकमेच्या निम्म्याची होती. ती ओळ ‘आधुनिक उपचार’ या शीर्षकाखाली होती, त्यामुळे गुडघ्याशी तिचा संबंध पटकन ध्यानात येत नाही. पण हल्ली गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत रोबोटिकचा पर्याय सर्रास पुढे केला जातो. ती ओळ मी पेनाने अधोरेखित केली.

यानंतर प्रतीक्षा काळ. तो एक नसतो, तीन असतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या कलमांत असतात. नियामकाने त्यांना सगळ्या कंपन्यांसाठी एकच सांकेतिक क्रमांक दिले आहेत, त्यामुळे पीडीएफमध्ये Excl03 शोधलं की पहिल्या ३० दिवसांचं कलम सापडतं, Excl02 ला ठरावीक आजारांची यादी, Excl01 ला आधीपासूनचे आजार. कंपनी कोणतीही असो, क्रमांक तेच.

पहिलं कलम सोपं. पहिले ३० दिवस आजारपणाचा खर्च नाही, अपघाताचा मिळतो. दुसऱ्यात मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, सांधे बदलणं अशी यादी होती आणि दोन्ही पॉलिसींत २४ महिने. ही यादी सर्वांना लागू असते. पॉलिसी घेतली त्या दिवशी माणूस ठणठणीत असला आणि सहा महिन्यांनी पित्ताशयात खडा निघाला, तरी थांबावंच लागतं. तिसऱ्यात, आधीपासूनच्या आजारांना, कायद्याने जास्तीत जास्त ३६ महिने लावता येतात. एप्रिल २०२४ पूर्वी ही कमाल ४८ महिन्यांची होती. पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्यावर उपचार झाले तो आधीपासूनचा आजार. स्वस्त पॉलिसीत हा काळ २४ महिने होता, महागमध्ये पूर्ण ३६.

काकांनी इथेच जोर लावला. “बघा, हिच्यात एक वर्ष आधी सगळं सुरू.” मुद्दा खरा होता, म्हणून मी त्याच्यावर बराच वेळ घालवला. आमच्या घरासाठी तारखा लिहून काढल्या. पॉलिसी १५ नोव्हेंबर २०२५ ला सुरू झाली असं धरलं. बाबांचा गुडघा दोन्ही कलमांत येतो: सांधेबदल म्हणून यादीत, आणि झीज आधीच निदान झालेली म्हणून आधीपासूनच्या आजारांत. अशा वेळी कोणता काळ? Excl02 च्या मजकुरातच उत्तर आहे: दोन्हींपैकी जो मोठा असेल तो. म्हणजे स्वस्त पॉलिसीत नोव्हेंबर २०२७, महागमध्ये नोव्हेंबर २०२८.

पण मला गुडघ्यापेक्षा बीपीची जास्त काळजी होती. Excl01 मध्ये नुसता आजार नसतो, ‘आणि त्याच्या थेट गुंतागुंती’ असे शब्द असतात. बीपी म्हटलं की गोळी डोळ्यासमोर येते, पण उद्या मेंदूत रक्तस्राव झाला किंवा मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला, तर कंपनी तो बीपीशी जोडू शकते. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरवून करता येते, पुढे ढकलता येते. पक्षाघात ढकलता येत नाही. त्यामुळे ज्या आजाराची गुंतागुंत अचानक येऊ शकते त्याच्या प्रतीक्षा काळाला मी जास्त वजन दिलं.

महाग कंपनीकडे यासाठी एक रायडर होता, म्हणजे मूळ पॉलिसीला जादा पैसे भरून जोडायची सोय. वर्षाला ६,००० जास्त भरले की आधीपासूनच्या आजारांचा काळ ३६ महिन्यांवरून १२वर. त्याचंही कलम वाचलं. तो Excl01 कमी करतो, Excl02 ला हात लावत नाही. म्हणजे बीपी आणि थायरॉइड नोव्हेंबर २०२६ पासून, पण गुडघा आणि मोतीबिंदू नोव्हेंबर २०२७. काका सांगत होते की रायडरने ‘सगळंच’ एका वर्षात मिळतं. तसं नव्हतं, आणि मी ते कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून लेखी विचारून घेतलं. उत्तर आलं ते मसुद्याशी जुळणारंच होतं. ईमेल जपून ठेवला आहे.

इथेच अजून एक ओळ आहे जी पुढे उपयोगी पडेल. पुढच्या वर्षी विमा रक्कम पाचाची दहा लाख केली, तर वाढलेल्या पाच लाखांना प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून लागतो. त्यामुळे ‘आत्ता कमी घेऊ, गुडघ्याच्या वेळी वाढवू’ हा बेत चालत नाही. त्यासाठी आम्ही सुरुवातीलाच पाचावरून १० लाखांचा विचार केला होता, पण बजेटमध्ये बसेना. पाचवरच थांबलो.

कायमच्या वगळलेल्या गोष्टींचं प्रकरण लांबलचक असतं, पण त्यातलं बरंचसं आपल्याला लागू नसतं. साहसी खेळ, वंध्यत्व, बाळंतपण हे आई-बाबांसाठी पाहायची गरज नव्हती. दोन कलमांवर मात्र थांबले. एक Excl04: फक्त तपासणी आणि निदानासाठी दाखल झालात तर खर्च मिळत नाही. आमच्या ओळखीच्या एका काकूंना चक्कर आली म्हणून दाखल केलं, एमआरआय आणि रक्ततपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल निघालं, दुसऱ्या दिवशी घरी. दावा नाकारला गेला तो याच कलमाखाली. २४ तास दाखल राहणं पुरेसं नसतं. प्रत्यक्ष काही उपचार झाले आणि त्यासाठी दाखल करण्याची गरज होती, हे डिस्चार्ज कार्डावर दिसावं लागतं. दाखल करताना डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नये.

दुसरं Excl11. कंपनीने काही रुग्णालयं वगळलेली असतात, तिथले उपचार मान्य नसतात. जीवघेणी परिस्थिती किंवा अपघात असेल तर प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च मिळतो, पुढचा नाही. लोक कॅशलेसची यादी पाहतात, ही वगळलेल्यांची यादी पाहत नाहीत. ती संकेतस्थळावर असते. नाशिकची नावं मी तपासली. आमचं जवळचं रुग्णालय त्यात नव्हतं.

आणि मग प्रीमियम. ५२,००० अधिक रायडरचे ६,०००. यावर जीएसटी नाही, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला आहे. कुणी जुन्या कोटेशनवर कर लावून सांगत असेल तर तपासून घ्यावं. पण या वर्षीच्या आकड्याइतकाच मला पुढचा आकडा महत्त्वाचा वाटत होता. माहितीपत्रकाच्या शेवटी वयानुसार प्रीमियमचा तक्ता असतो. बाबांच्या ६६व्या, ७१व्या वर्षीच्या रकान्यातले आकडे आजच्या दराने काय आहेत ते मी पाहिलं, आणि त्यावर दरवाढ वेगळी धरली. जानेवारी २०२५च्या नियमाप्रमाणे साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते. म्हणजे दरवर्षी १० टक्के वाढू शकतो असं गृहीत धरून आम्हा भावंडांना झेपेल का, हा प्रश्न भावासमोर ठेवला. मध्येच पॉलिसी सोडली तर सरलेला प्रतीक्षा काळ वाया जातो, आणि तोच तर आपण पैसे देऊन विकत घेत असतो. भाऊ अर्धा वाटा द्यायला तयार झाला, तेव्हाच महाग पॉलिसी नक्की केली.

प्रस्ताव अर्ज भरताना काका म्हणाले, “बीपीचं लिहू नका, उगाच लोडिंग लागेल.” लोडिंग म्हणजे आजारामुळे वाढवलेला प्रीमियम. तरी मी बीपी लिहिलं. गोळीचं नाव, मात्रा, किती वर्षं, गुडघ्याचा रिपोर्ट, आईचं थायरॉइड, डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद, सगळं. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण ती पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत लपवलेल्या एका गोळीवरून दावाच काय, पॉलिसीही जाऊ शकते. आणि रुग्णालयात दाखल होताना पहिल्याच कागदावर नर्स विचारते, बीपी कधीपासून. बाबा तिथे खरंच सांगणार.

कंपनीने वैद्यकीय तपासणी केली आणि बाबांवर ३,५०० रुपयांचं लोडिंग लावून लेखी संमती मागितली. एकूण ६१,५०० झाले. दिले.

पॉलिसी हातात आल्यावर फ्री लूकचे ३० दिवस असतात. त्या मुदतीत पसंत नसेल तर परत करता येते. तपासणीचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचे पैसे कापून बाकी मिळतात. मी हा काळ शेड्यूल तपासायला वापरला. शेड्यूल म्हणजे आपल्या नावाची पहिली दोन-तीन पानं. मसुदा सगळ्यांचा सारखा असतो, शेड्यूल फक्त आपलं. त्यात विमा रक्कम बरोबर होती, रायडरचं नाव होतं, वारस बरोबर. पण आधीपासूनच्या आजारांच्या रकान्यात बाबांपुढे बीपी होतं आणि गुडघ्याचा उल्लेखच नव्हता, आणि आईपुढचा रकाना पूर्ण कोरा. अर्जात तर सगळं लिहिलं होतं.

अर्जाच्या प्रतीसह ईमेल केला आणि दुरुस्तीचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं बदलाचं अधिकृत पत्र, मागितलं. पहिलं उत्तर आलं की अर्जात लिहिलंय ते पुरेसं आहे. मी पुन्हा कळवलं की मला ते शेड्यूलवर हवं आहे, नाहीतर फ्री लूकमध्ये परत करते. मुदत संपायच्या आत एंडोर्समेंट आलं, गुडघ्यांची झीज, थायरॉइड आणि मोतीबिंदू तिन्ही नोंदींसह.

गुडघ्यांसाठी नोव्हेंबर २०२७ पर्यंत थांबता येईल असं अस्थिरोगतज्ज्ञांचं मत पडलं. आईच्या डोळ्याचं तसं सांगता येत नाही, म्हणून मोतीबिंदूचे पैसे बँकेत वेगळे ठेवले आहेत. बीपीची तारीख, गुडघ्याची तारीख, रोबोटिकची मर्यादा आणि कंपनीचा कॅशलेस क्रमांक एका कागदावर मराठीत लिहून आई-बाबांच्या औषधांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. त्याची एक प्रत भावाकडे पुण्याला आहे.